फोटोतली पंधरा मिनिटं

एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडला की घरोघरचे वाहतूक नियंत्रक जागे होतात. पहिली गाडी तालुक्याला ९.४० ला पोहोचणार, गावची ९.५५ ला सुटणार. मधल्या पंधरा मिनिटांत चहा-वडापावही बसवला जातो. फलकावर असते ती सुटायची वेळ. पोहोचायची आपण मनाने लावलेली, हे कोण सांगणार? शिवाय ९.५५ ची गाडी इथली नव्हेच, ती लांबून येते. घाटात ट्रक आडवा झाला की तिची वेळ फक्त शोभेची. फोटोत कापल्या गेलेल्या कडेला नेमकं ‘रविवारी बंद’ लिहिलेलं असतं. पुढची गाडी दीडला. चौकशी खिडकीतले साहेब फोटो निरखून विचारतात, “हा कुठल्या साली काढलाय?”