तिरपा फोन

मामी : अरे, हा फोन घसरून कुठं चाललाय?

भाचा : घसरत नाही मामी, आयसोमेट्रिक चित्र आहे. आडव्या कडा तीस अंशांत तिरप्या काढायच्या, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकदम दिसतात.

मामी : फोनच्या तीन बाजू घेऊन काय करू? समोरची एक कळंना अजून.

भाचा : हदगावात पहिल्यांदाच स्मार्टफोन घेतलेल्यांसाठीच आहे हे. काही वाचायची गरज नाही. ही ढाल, म्हणजे सुरक्षा.

मामी : मला वाटलं विड्याचं पान. अन् हा पतंग?

भाचा : क्यूआर कोड!

मामी : दुकानात तर तो चौकोनी असतो. अन् हा बँकेएवढा उंच कोण?

भाचा : चोर. या पद्धतीत लांबचं-जवळचं एकाच मापाचं दिसतं.

मामी : ते बरोबर काढलंस. फोनवर बोलणारा कुठला, ते कुठं कळतंय!

भाचा : आता गोष्ट बघा. बाईनं म्हैस विकायला काढली. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, पाच हजार इसार पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा अन् पिन टाका. बाई पिन टाकते. हा बाण पैशांचा.

मामी : बाण तर आभाळाकडं चाललाय. पैसे आले का गेले?

भाचा : गेले.

मामी : कुणाचे?

भाचा : बाईचे! दिसतंय की.

मामी : तुला दिसतंय, तूच काढलंस. अरे, पैसे यायला पिन लागतच नाही ना?

भाचा : नाही. पाठवायला लागतो, अन् शिल्लक बघायला.

मामी : मग तेवढंच सांग. पिन घालायच्या पानावर कुणाला अन् किती जाणार ते लिहिलेलं असतं. ते पान मोठं काढ. समोरून, सरळ.

भाचा : एकच सरळ काढलं तर बाकीच्या चित्रांशी जुळणार नाही.

मामी : माझ्या हातातल्या फोनशी जुळू दे की!

भाचा : साहेबांनी हीच शैली पास केलीय.

मामी : साहेबाला यायचेत का म्हशीचे पैसे?

भाचा : मामी, तुम्हाला डिझाइनमधलं कळत नाही.

मामी : नाहीच कळत. ज्याला कळतं त्याच्यासाठी काढायलास का मग? अन् हा कानाला काय बांधून बसलाय?

भाचा : हेल्पलाइनवाला. पैसे गेले की लगेच 1930 ला फोन करायचा. जितका लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवायची आशा.

मामी : मग त्याचं चित्र कशाला? 1930 लिही मोठ्ठं. आकडे वाचता येतात मला, बाजारात नोटा मोजते मी.

भाचा : लिहितो. पण तोही तिरपाच बसवावा लागेल.

मामी : बसव. पैसे गेलेला आधी मान वाकडी करील, मग फोन लावील.