नानांची बेरीज

नाना तुमच्याही सोसायटीत असतील. तुमच्याकडे त्यांना अण्णा म्हणत असतील किंवा भाऊ, एवढाच फरक. समितीत ते कुठल्याच पदावर नसतात, पण सही कुठे करायची हे अध्यक्ष त्यांनाच विचारतात.

आमचे नाना सिडकोतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर पाच घरं, एकूण वीस फ्लॅट. सभासद मात्र एकोणीस, कारण एक फ्लॅट अजून वारसांच्या नावावर झालेला नाही. नानांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेलं जुनं लाईट बिल असतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर सगळ्या घरांचे नंबर लिहिलेले आणि नंबरापुढे टिकमार्क. कोणाचंही नाव काढा, नाना बिल न उघडताच सांगणार, "ते आपल्यातच आहेत."

२०१९च्या नोव्हेंबरात मुंबईत सरकारसाठी जी महिनाभर धावपळ चालली, ती नानांना पोरखेळ वाटली होती. "२८८ मध्ये १४५ जमवायला काय लागतं? इथे एकोणीसमध्ये दहा जमवून दाखवा म्हणावं!"

विषय गच्चीचा होता. आपल्याकडचं ऊन गच्चीच्या कोब्याला एप्रिल-मेभर भाजून काढतं, त्याला बारीक भेगा पडतात आणि जुलैत वरच्या पाचही घरांत बादल्या मांडायची वेळ येते. संपूर्ण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं तीन लाख साठ हजारांचं, म्हणजे घरटी अठरा हजार.

तळमजल्यावरचे लगेच म्हणाले, "आमच्या घरात थेंब नाही, आम्ही का द्यायचे?" आदर्श उपविधी स्पष्ट आहेत: गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने काढायची. सचिवांनी तो नियम मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांनी शांतपणे ऐकला आणि पैसे कोणीच काढले नाहीत. नियमाने पैसे कोणी द्यायचे ते ठरतं, हात कोण वर करणार ते ठरत नाही.

तिथून नाना सुरू झाले. आठवडाभर संध्याकाळी जिन्यात त्यांच्या चपलेचा आवाज. तळमजल्याचं खरं दुखणं तुंबणाऱ्या ड्रेनेज चेंबरचं होतं. ते काम चाळीस हजारांचं. दुसऱ्या मजल्याच्या बाथरूमच्या भिंती बाहेरच्या कुजलेल्या पाइपांमुळे ओल्या होत्या. ते एक लाख चाळीस हजार. पहिल्या मजल्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं आणि असे लोक सगळ्यात महाग पडतात. त्यांना नानांनी कंत्राटदार ठरवणारी उपसमिती देऊन टाकली. खर्च शून्य, मान भरपूर.

"झालं," नाना मला म्हणाले. "चारही मजले आपल्यातच आहेत."

बेरीज मात्र पाच लाख चाळीस हजारांवर गेली. घरटी सत्तावीस हजार! आता वरच्या मजल्यावरचेच बिथरले. ज्यांच्या पलंगावर पाणी पडतं तेच म्हणू लागले, एवढे असतील तर राहू द्या, आम्ही बादल्या ठेवू. नानांनी हप्ते पाडले: आत्ता वीस हजार, दिवाळीला सात हजार. त्यावर तळमजला म्हणाला, "एकदा गच्ची झाली की वरचे आम्हाला ओळखही दाखवणार नाहीत." शंका रास्त होती. म्हणून नानांनी क्रमच फिरवला. आधी चेंबर, मग गच्ची, शेवटी पाइप. चेंबर आठवड्यात उरकतं, तळमजल्याला डोळ्यांनी दिसतं आणि मग त्यांना मागे फिरायला तोंड राहत नाही. दुसऱ्या मजल्याला थांबावं लागणार होतं, म्हणून पाइपांच्या कामाची तारीख ठरावातच घातली.

मी हे सगळं बघून वैतागलो होतो. गळतंय तर दुरुस्त करा, एवढ्या साध्या गोष्टीला ही भाजीबाजारातली घासाघीस कशाला? शिवाय माझ्याही नंबरापुढे टिक होती आणि मला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

मग एका बैठकीत कोणीतरी सोपा तोडगा काढला: पूर्ण गच्ची नको, जास्त गळतात त्या दोन घरांवरचाच भाग करू, ऐंशी हजारांत भागेल. सगळ्यांचे चेहरे उजळले. एकमत! आमच्या सोसायटीत एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. आणि आठवडाभर प्रत्येकाला हो म्हणणारे नाना खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "हे होणार नाही."

पाणी कठड्याच्या सांध्यातून शिरतं, कोब्याखालून सरकतं आणि दहा फुटांवर तिसऱ्याच घरात टपकतं, हे त्यांनी गच्चीवर नेऊन दाखवलं. मागच्या वेळी चिकटवलेली डांबरी शीट तिथेच फुगून बसली होती. "पैसे कोणी, कधी, किती द्यायचे यावर मी रात्रभर बोलीन. पण कठड्यालगतची गोलाई, पाण्याचा उतार आणि पाइपाचं तोंड यात तडजोड नाही. अर्धी गच्ची म्हणजे पूर्ण गळती."

दुसरा हट्ट चाचणीचा. काम झाल्यावर गच्चीची तोंडं बंद करून दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. आमची गच्ची अडीच हजार चौरस फूट, म्हणजे बारा हजार लिटरच्या घरात पाणी. ज्या शहरात नळ कधी येणार याची लोक वाट बघतात, तिथे टँकर मागवून गच्चीवर ओतायचा? बायकांनी नानांना वेड्यात काढलं. नानांनी तिथेही सौदा केला: चाचणी संपली की ते पाणी झाडांना आणि गाड्या धुवायला. शिवाय मे महिन्यात पाणी नुसतं उन्हानेही घटतं, म्हणून शेजारी त्याच पातळीची बादली भरून ठेवायला लावली. बादलीपेक्षा गच्ची जास्त उतरली तर गळती आहे, हे कंत्राटदारालाही नीट कळलं.

हे सगळं मंजूर करायच्या सभेला दोन-तृतीयांश म्हणजे तेरा सभासद हजर हवे होते, आणि आमच्या उपविधीत दुसऱ्याच्या वतीने येऊन बसायला मुभा नाही. पुण्यात राहणारे तिघे मालक नानांच्या फोनवर आले. हजर सोळा, बाजूने बारा, विरुद्ध चार. ते चौघेही अर्थात "आपल्यातच" होते. त्यांपैकी एकाने नंतर मला सांगितलं की नाना त्यालाही माझ्याबद्दल हेच म्हणाले होते.

त्या रात्री बिल टेबलावर उघडं होतं म्हणून मी मोजलं. मतं एकोणीस, टिका वीस. वारसांचा तो फ्लॅट नानांच्या समोरचा. तिथल्या मास्तरांशी त्यांची रोज संध्याकाळी बुद्धिबळाची बैठक असे. मास्तर जाऊन आता दीड वर्ष झालं. मी नुसतं त्या नंबरावर बोट ठेवलं. नानांनी बिलाची घडी घातली आणि चहा टाकायला आत गेले. या माणसाच्या घरात थेंबही गळत नव्हता आणि सत्तावीस हजारांतले पहिले वीस त्यांनी सगळ्यांत आधी भरले होते, हे मला पावतीपुस्तकावरून कळलं. स्वतः ते कधी बोलले नसते.

यंदा बादल्या निघाल्या नाहीत. कंत्राटदाराचे राखून ठेवलेले दहा टक्के पावसाळा संपल्यावरच दिले.

आता नानांना अध्यक्ष करावं अशी टूम निघाली आहे. माझा विरोध आहे. पद मिळालं की माणसाला एका बाजूला बसावं लागतं, आणि लिफ्टचं काम अजून व्हायचं आहे.