आपला कॉल देवासाठी महत्त्वाचा आहे

चिकपेटेतल्या आमच्या विठ्ठलमंदिराने भाविकांसाठी हेल्पलाइन काढायचं ठरवलं आहे. दर्शनाच्या वेळा, यायचा रस्ता आणि अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवलं की फोन उचलायला माणूस लागत नाही. समितीने ही योजना एकमताने मंजूर केली, कारण तिच्यात कोणालाच काही करायचं नव्हतं. मजकूर लिहायला मात्र सात जण पुढे सरसावले. त्यांनी लिहिलेला मराठी मसुदा तपासायला म्हणून माझ्याकडे आला. मराठी चांगली आहे, एवढं आधी सांगून टाकतो.

मसुद्याची सुरुवात शंखनादाने होते. आठ सेकंद शंख, मग बारा सेकंद श्लोक, मग वीस सेकंद स्वागत. त्यात ‘पुण्यनगरी बेंगळूरूच्या हृदयस्थानी विराजमान’ हे शब्द आहेत. म्हणजे ज्याने फोन लावला आहे त्याला देऊळ कोणत्या गावात आहे हे आधी पटवून द्यायचं. शंखाबद्दल खजिनदार हळवे आहेत, म्हणून त्यांना समजेल असं सांगून पाहिलं. फोनची वाट आवाजासाठी फार अरुंद असते. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातलंच काय ते पलीकडे पोहोचतं. शिवाय मोबाइलची यंत्रणा आवाज दाबून पाठवताना माणूस बोलतोय असं धरून चालते. शंख बोलत नाही. त्यामुळे देवळात अंगावर काटा आणणारा तो नाद भाविकाच्या कानात पोहोचेपर्यंत प्रेशर कुकरची शिट्टी झालेला असतो. खजिनदार म्हणाले, “मग शंख मोठ्याने फुंकू.”

शंखानंतर विश्वस्तांची नावं. अकरा विश्वस्त, प्रत्येकाचं पद आणि ‘श्रीमान’, मिळून तेहतीस सेकंद. दोन नावं गाळावीत असं मी सुचवलं, तर कोणती दोन, यावर बैठक संपली.

मग भाषा. चिकपेटेत साडीचा भाव चार भाषांत ठरतो, त्यामुळे कन्नड, मराठी, तेलुगू, तमिळ, हिंदी, इंग्रजी अशा सहा भाषा ठेवल्या, हे ठीकच. वाद क्रमावरून झाला. एका विश्वस्तांचं म्हणणं, शहाजीराजांना बेंगळूर १६३८ मध्ये जहागीर मिळालं, तेव्हा मराठी पहिली. दुसऱ्यांनी लगेच केंपेगौडांचं १५३७ काढलं, कारण पेठ त्यांनीच वसवली. दोन्हींत १०१ वर्षांचं अंतर निघालं आणि कन्नडला पहिला मान मिळाला. (योगायोगाने १०१ हा अग्निशमन दलाचाही नंबर आहे. वादात तो कोणाच्या लक्षात आला नाही.) एवढं करून सहाही पर्याय कन्नडमध्येच रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. ज्याला कन्नड येत नाही, त्याने मराठीसाठी दोन दाबायचं हे त्याला कन्नडमध्ये कळवायचं! प्रत्येक भाषेचा पर्याय त्याच भाषेत बोलायचा असतो, हे मान्य करून घ्यायला मला अर्धा तास लागला.

भाषा निवडली की मुख्य यादी येते. तिच्यात नऊ पर्याय आहेत आणि ते असे बोलले आहेत: ‘एक दाबा, नित्य अभिषेकाच्या नोंदणीसाठी. दोन दाबा, अन्नदानाच्या देणगीसाठी.’ इथेही एक खोच आहे. ऐकणारा आधी आपलं काम ऐकू येतंय का ते पाहतो, मग आकडा लक्षात ठेवतो. आकडा आधी सांगितला तर काम ऐकेपर्यंत तो विसरतो, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून ऐकतो. म्हणून ‘दर्शनाच्या वेळांसाठी एक दाबा’ असं उलट म्हणायचं. पण क्रमाचं काय? आमच्या यादीत पहिले चारही पर्याय पैसे घेण्याचे आहेत, दर्शनाच्या वेळा पाचव्या, रस्ता सहावा आणि आणीबाणी नववी.

मी घड्याळ लावून हिशेब केला. सलामीची चाळीस सेकंदं, विश्वस्तांची तेहतीस, सहा भाषांची प्रत्येकी चार म्हणजे चोवीस, नऊ पर्यायांची प्रत्येकी पाच म्हणजे पंचेचाळीस. एकूण १४२ सेकंद, म्हणजे दोन मिनिटं बावीस सेकंद. गाभाऱ्यातल्या समईने पडदा पेटला, तर भाविकाने शंख ऐकून, अकरा श्रीमानांना मनोमन नमस्कार करून, चार देणग्या नाकारून मग नऊ दाबायचा. तोवर पडद्याला नऊ दाबायची गरज उरलेली नसते.

नऊ दाबल्यावर पुढे काय, ते आणखी भारी आहे. ‘पोलीस शंभर, अग्निशमन एकशे एक, रुग्णवाहिका एकशे आठ’ असं एका दमात ऐकू येतं. घाबरलेला माणूस काय करतो? तो त्याच फोनवर १, ०, ८ दाबतो. यंत्र पहिला आकडा झेलतं आणि ‘नित्य अभिषेकाची नोंदणी’ सुरू होते. जपमाळेचे मणीही एकशे आठच. पण त्या क्षणी माणसाला जप नको असतो, गाडी हवी असते. म्हणून वाक्य असं हवं: ‘जिवाला धोका असेल, आग असेल, तर हा फोन आधी ठेवा आणि एक-एक-दोन लावा.’ आकडे सुटे सुटे बोलायचे, दोनदा बोलायचे, आणि नंबर एकच द्यायचा. ११२ वर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिन्ही मिळतात. चार नंबर सांगितले की एकही लक्षात राहत नाही.

एका तरुण विश्वस्तांनी विचारलं, “मग आपणच इथून फोन ११२ ला जोडून देऊ, भाविकाला त्रास कशाला?” हेतू चांगला आहे. पण भाविक बोलतोय मल्लेश्वरममधून आणि फोन जातोय देवळाच्या यंत्रामार्फत. मग ११२च्या माणसाच्या पडद्यावर देवळाचा नंबर उमटण्याची शक्यता जास्त. गाडी चिकपेटेत येईल आणि मल्लेश्वरमचे आजोबा वाट पाहत बसतील. त्यांच्या हातातल्या मोबाइलवरून थेट गेलेलाच फोन बरा.

आता वेळा. ‘मंदिर सकाळी सात ते बारा व सायंकाळी पाच ते आठ उघडे असते.’ चुकीचं काही नाही. पण त्या अरुंद पट्ट्यात ‘स’चा फुस्कार पोहोचतच नाही, कारण त्याचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. त्यामुळे ‘सात’ आणि ‘आठ’ फोनवर जवळजवळ भाऊ-भाऊ होतात, आणि ‘सहा’चा ‘दहा’ व्हायलाही फारसं लागत नाही. संथ बोलून वेळ दोनदा सांगितली तर निभतं.

मोठी अडचण मात्र निराळीच आहे. देवळाच्या वेळा स्थिर नसतात. धनुर्मासात दरवाजे पहाटे उघडतात, आषाढी-कार्तिकीला रात्र जागते, ग्रहणात बंद होतात. मसुद्यात यावर उपाय म्हणून शेवटी ‘वेळांत बदल होऊ शकतो’ जोडलं आहे. माणूस नेमकं तेच विचारायला फोन करतो आहे! त्याला उत्तर म्हणून त्याचाच प्रश्न परत दिला, एवढंच. यासाठी एक साधी सोय असते. नेहमीच्या वेळेआधी ‘आजचा बदल’ अशी एक रिकामी जागा ठेवायची. गुरुजींनी ठरलेला गुप्त अंक दाबून आपल्या मोबाइलवरूनच तिच्यात वीस सेकंद बोलायचं, आणि सोबत तो बदल कोणत्या तारखेला आपोआप पुसला जावा हेही सांगायचं. ती तारीख टाकली नाही, तर मार्चमध्येही ‘उद्या धनुर्मासानिमित्त पहाटे पाच’ वाजत राहतं आणि चार भाविक अंधारात दारावर टकटक करतात. पुसायची तारीख ही सगळ्यात महत्त्वाची. समितीला ती गोष्ट सर्वांत कमी धार्मिक वाटली.

रस्त्याबद्दल मी जास्त भांडलो नाही. मसुद्यात ‘मॅजेस्टिकहून सरळ या, जुन्या घड्याळवाल्यापाशी डावीकडे वळा, मग कोणालाही विचारा’ असं होतं. ‘कोणालाही विचारा’ हा भाग प्रामाणिक आहे. बाकीच्यात घड्याळवाला आता मोबाइलची कव्हरं विकतो, आणि डावं-उजवं हे माणूस कुठून येतोय यावर ठरतं. आरंभ एकच धरावा. हिरव्या मार्गावर मॅजेस्टिकच्या दक्षिणेला पुढचंच स्टेशन चिकपेट, २०१७ पासून सुरू आहे, जमिनीखाली आहे, आणि कोणी ते गुंडाळून दुसरीकडे नेणार नाही. तिथून तीन वळणांहून जास्त सांगू नये, आणि शेवटी पोहोचल्यावर समोर काय दिसेल ते सांगावं. गाडी आणणाऱ्याला ‘पार्किंग नाही’ हे आधी सांगावं, वळणं नंतर. हल्ली नकाशाचा मेसेज पाठवता येतो, पण त्यासाठी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा टेलिकॉम कंपनीकडे आधी नोंदवावा लागतो. पांडुरंगालाही यात सवलत नाही.

शेवटी मी सगळं मिळून नवा मसुदा दिला. ‘नमस्कार, विठ्ठलमंदिर, चिकपेट’ आणि लगेच आगीचं ते एक वाक्य कन्नड-मराठीत, मग भाषा, मग तीनच पर्याय: वेळा एक, रस्ता दोन, देणगी तीन. आणि हरवलेलं मूल, राहिलेली पिशवी, बंद दाराची किल्ली यासाठी शून्य, तिथे खरा माणूस. त्याचा मोबाइल वीस सेकंद वाजेल, नाही उचलला तर दुसऱ्याचा वाजेल.

समितीने सगळं मान्य केलं. विश्वस्तांची नावं देणगीच्या पर्यायात गेली, तिथे ती ऐकायला तरी कोणी थांबेल म्हणून. आगीचं वाक्यही राहिलं, मात्र त्याआधी ‘ही सेवा अमुक सिल्क्स यांच्या सौजन्याने’ एवढं घालण्यात आलं. फक्त शून्यावर वाजणारे दोन मोबाइल कोणाचे, यासाठी सात लेखकांपैकी कोणीही नंबर दिला नाही, आणि तो विषय पुढच्या बैठकीकडे गेला आहे. तोवर शून्य दाबणाऱ्याला तीनकडे वळवलं जाईल.