पाटीशास्त्री

चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, बसस्थानकाजवळच्या टपरीवर मोबाइल आडवा धरून बसलेला एक इसम असतोच. वय पंचविशीच्या आसपास, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू, पासपोर्ट काढायचा राहिलेला. त्याच्या पडद्यावर जगातल्या कुठल्याशा रस्त्याचा फोटो येतो आणि देश ओळखायचा असतो. जिओगेसर नावाचा हा खेळ 2013 साली स्वीडनमध्ये निघाला. आपला इसम डोंगर पाहत नाही, झाडं पाहत नाही, माणसं तर नाहीच नाही. तो फक्त पाट्या पाहतो. चहा निवतो, वर साय धरते, आणि मग निकाल येतो, ‘आयर्लंड हाय भाऊ, लिहून घे.’ त्याला पाटीशास्त्री म्हणायला हरकत नाही, कारण ज्योतिषाप्रमाणे तोही एका खुणेवरून मुलूख सांगतो. फरक इतकाच की त्याचं भाकीत तीस सेकंदांत तपासलं जातं.

हे सगळं पाठांतर आहे, असा त्याच्यावरचा पहिला आक्षेप. घरचे तो रोज घेतात. पण त्या आयर्लंडच्या फोटोत नेमकं काय घडलं ते पाहिलं, तर पाठांतर थोडं आणि वजाबाकी जास्त निघते. ओला रस्ता, दुतर्फा झुडपांचं कुंपण, गाड्या डाव्या बाजूने. युरोपात डावीकडून चालणारे मोजकेच, ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, सायप्रस. पुढे वळणाची सूचना देणारी पाटी पिवळी आणि चौकटच्या पत्त्यातल्या चौकटीसारखी टोकावर उभी. इथे निम्मा खेळ संपतो. धोक्याची पाटी युरोपात त्रिकोणी असते, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, जपानात अशी टोकावर उभी. 1968 च्या व्हिएन्ना कराराने दोन्ही आकार चालतील असं ठरवून भांडण मिटवलं. युरोपातल्या देशांत एकट्या आयर्लंडने टोकावर उभा चौकोन धरून ठेवला आहे. म्हणजे डावी बाजू अधिक पिवळी चौकट बरोबर आयर्लंड. शास्त्र्याला डब्लिनचं स्पेलिंग येत नसलं तरी चालतं.

पण खरा शास्त्री इथे थांबत नाही, तो पुरावा पक्का करतो. वेगाची पाटी लाल कडेच्या गोलात, आकडा 50, आणि आकड्याखाली बारीक अक्षरांत किलोमीटर-तासाचा रोमन संक्षेप. ब्रिटनच्या अशाच गोलात नुसता आकडा असतो. तो मैलांचा, हे गृहीतच. आयर्लंडने 20 जानेवारी 2005 ला मैल सोडले आणि किलोमीटर धरले. पण त्याच बेटाच्या उत्तर भागात ब्रिटनचा अंमल, तिथे मैलच राहिले. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना 60 या एकाच आकड्याचा अर्थ बदलायला लागला: इकडे 60 किलोमीटर, तिकडे जवळपास 97. म्हणून आयर्लंडने पाटीवर एकक लिहिलं. सरहद्दीपलीकडची पाटी मात्र गप्प, आणि तिचं गप्प बसणं हीच तिची ओळख. न लिहिलेलं वाचता येणं याला पाठांतर कसं म्हणावं?

अक्षरांच्या वळणावर शास्त्र्याची फार श्रद्धा असते, आणि तो फसतोही तिथेच. ब्रिटनच्या पाट्यांसाठी जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ‘ट्रान्सपोर्ट’ नावाचं वळण घडवलं. 1965 पासून ते सगळ्याच रस्त्यांवर लागू झालं. आयर्लंडनेही तेच उचललं. नुसतं वळण ओळखून देश सांगणारा सरहद्दीवर सपशेल आपटतो. खूण वळणात नाही, मांडणीत आहे. आयर्लंडमध्ये वर आयरिश भाषेतलं नाव तिरप्या अक्षरांत आणि खाली इंग्रजी नाव सगळं मोठ्या अक्षरांत. ब्रिटनमध्ये पहिलं अक्षर तेवढं मोठं, बाकी लहान. वळण उसनं घेता येतं, पण ते कुठे कसं वापरायचं ही सवय ज्याची त्याची.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा. जगाच्या पाट्या वाचणाऱ्या या पठ्ठ्याला बुलढाण्याचा फोटो दाखवा, मग कळेल. हे खरं आहे. इथे त्रिकोण फारसा कामाचा नाही, कारण पांढरं पोट आणि लाल कडा असलेला त्रिकोण भारतात आहे, नेपाळात आहे, बांगलादेशात आणि पाकिस्तानातही आहे. वेगळी निघते ती श्रीलंका, तिची पाटी पिवळी आणि टोकावर उभी. किलोमीटर आपल्याकडे कागदावर केव्हाच आले, ‘मैलाचा दगड’ हा शब्द तेवढा बोलण्यात राहिला. त्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. त्यावरून रस्त्याची जात कळते, प्रांत नाही. लिपी देवनागरी, म्हणजे मराठी, हिंदी, नेपाळी यांतलं काहीही.

उरतं ते एक अक्षर. आपल्या जिल्ह्याने शास्त्र्यावर इथे मोठे उपकार केले आहेत: मलकापूर, लोणार, चिखली, सगळ्यांत ‘ल’, शेगावात ‘श’. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या, मराठी ‘श’ला देठ, हिंदी वळण निराळं. 2009 साली राज्य शासनाने वर्णमालेच्या आदेशात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून सांगितले. म्हणजे पाकळी दिसली की महाराष्ट्र, इतकं सोपं व्हायला हवं होतं. होत नाही, कारण संगणकावरच्या बऱ्याच देवनागरी फॉन्टांत मुळात हिंदी वळणाचाच ल बसवलेला असतो. परिणामी नियमानुसार बनलेली, रात्री चमकणारी, सरकारी हिरवी पाटी ‘मलकापूर’ हा शब्द हिंदी ल घालून लिहू शकते, आणि पलीकडे रंगाऱ्याने ब्रशने रंगवलेली ‘येथे पंक्चर काढून मिळेल’ ही पाटी दोन्ही पाकळ्या फुलवून उभी राहते. आयर्लंडमध्ये प्रमाण पाटी खरं बोलते. इथे रंगाऱ्याचा हात खरं बोलतो.

म्हणून हुशार शास्त्री घरच्या मुलखात ल सोडून देतो आणि ऱ्हस्व-दीर्घ धरतो. मलकापूरहून बऱ्हाणपूरच्या दिशेने मध्य प्रदेशात शिरलं की तोच ‘पूर’ हिंदीत ‘पुर’ होतो. फॉन्ट कुठलाही असो, उकार त्याला बदलता येत नाही. ‘पुढे’ की ‘आगे’ हेही तपासून घ्यावं. आणि कुठे ळ दिसला, जळगाव जामोदच्या पाटीवर दिसतोच, तर हिंदी आणि नेपाळी दोन्ही बाद.

तिसरा आक्षेप असा की या विद्येचा उपयोग काय. उपयोग नाही, आणि शास्त्रीही तसा दावा करत नाही. उलट तोटा आहे. राजूर घाटात वळणाची पाटी आली की बाकीचे गाडी हळू करतात. हा मात्र लाल कडेची जाडी न्याहाळत बसतो. मागे बसलेल्याने खांदा हलवला की भानावर येतो, आणि वर लगेच सांगतो की हीच पाटी डब्लिनच्या बाजूला असती तर पिवळी असती.

एक पाटी मात्र तो आजवर सोडवू शकलेला नाही. एका फलकावर ‘बुलढाणा’, दुसऱ्यावर ‘बुलडाणा’, आणि वर्तमानपत्रातही दोन्ही चालू. परमुलखातला खेळाडू त्यांना दोन वेगळी गावं समजून नकाशात दुसरं शोधत बसेल. आपल्या शास्त्र्याला गाव एकच आहे हे ठाऊक असतं. पण नोकरीच्या अर्जात जिल्ह्याच्या रकान्याशी आला की त्याचा पेन थांबतो, आणि तो शेजारच्याला विचारतो, ‘काय बे, ढ की ड?’