टाकीला पाणी नसेल, निदान पत्ता तरी द्या

दिवा शहरात दिवे जातात आणि येतात, याचा कोणी बाऊ करत नाही. पण लाइट परत आल्यावर गच्चीवरच्या टाकीची पातळी डॅशबोर्डवर ‘उपलब्ध नाही’ अशी दिसू लागली, की टँकर मागवायचा का यावर सोसायटीची तातडीची सभा भरते. टाकी जागेवर असते, सेन्सरही चालू असतो. हरवतो तो त्याचा पत्ता. राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो तो मुदतीच्या भाड्याने, आणि कोणाला कोणता दिला याची वही बरेच घरगुती राउटर तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. लाइट गेली की वही कोरी. मग सेन्सरचा `192.168.1.5` हा नंबर आधी जागा झालेला टीव्ही पटकावतो आणि डॅशबोर्ड इमानेइतबारे टीव्हीला विचारत राहतो, पाणी किती? लोकलमध्ये रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखाच हा प्रकार. गाडी बदलली की रुमालाला अर्थ उरत नाही.

म्हणून जागा राउटरच्या दप्तरीच नोंदवावी. प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता हा त्याचा जन्मदाखला. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर तो शोधावा आणि ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये त्याच्यासमोर नंबर लिहावा: टाकीला `192.168.1.20`, कॅमेऱ्याला `192.168.1.21`. मग सेन्सर एकदा बंद-चालू करावा. नाहीतर तो भाड्याच्या पुढच्या नूतनीकरणापर्यंत जुन्याच खोलीत ठाण मांडून बसतो.

यावर हुशार माणूस म्हणेल, हाच नंबर सेन्सरमध्येच कायमचा टाकला तर? टाकता येतो, पण राउटरला त्याचा पत्ताच नसतो. तो नंबर वाटपाच्या टप्प्यात असेल, तर राउटर एखाद्या दिवशी तोच पाहुण्यांच्या मोबाइलला देऊ शकतो. मग टाकी कधी दिसते, कधी गायब होते. अशा वेळी `ping 192.168.1.20` करून लगेच `arp -a` चालवून पाहावं: `.20` समोर सेन्सरचा नसून दुसराच मॅक पत्ता दिसला, तर घुसखोर सापडला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नंबर लक्षात कशाला ठेवायचे, सेन्सरला `taki.local` असं नावच द्यावं. जरूर द्यावं, नंबर बदलला तरी नाव टिकतं. मात्र `.local` ची हाक त्या एकाच नेटवर्कपुरती ऐकू जाते. सेन्सर गेस्ट वायफायवर असेल, तर ती बहुधा पोहोचत नाही, आणि कंटेनरमध्ये चालणाऱ्या डॅशबोर्डलाही ती अनेकदा ऐकू येत नाही. म्हणून माणसांसाठी नाव, डॅशबोर्डसाठी राखीव नंबर, अशी वाटणी बरी. राउटर बदलला की ही नोंद त्याच्याबरोबरच जाते, तेव्हा यादीची एक प्रत कागदावर असावी.

शेवटी राउटर बंद करून पुन्हा चालू करावा आणि टाकी आपोआप परतते का ते पाहावं. अर्थात, दिव्यात ही चाचणी मुद्दाम घ्यावी लागत नाही.