सारांशात हरवलेली पोपटी

नागावात आमच्या ओळखीच्या एक वहिनी खानावळ चालवतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे मुंबईच्या एका बड्या कंपनीची चौकशी आली. साठ माणसांची दोन दिवसांची ऑफसाइट, जेवणखाण तुमचं, प्रस्ताव पाठवा. ऑफसाइट म्हणजे ऑफिसातलीच मीटिंग, फक्त हाफ पँट घालून.

वहिनींनी चार पानांचा प्रस्ताव लिहिला. दर माणशी १,८०० रुपये. त्यात दोन नाश्ते, तीन जेवणं आणि चहा. तिसऱ्या पानावर अटी होत्या. पोपटी हवी असेल तर थंडीत या, कारण वालाच्या शेंगा तेव्हाच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या सुरमईचा हट्ट नको. माणसं पन्नासाच्या खाली गेली तरी बिल पन्नासाचं. चाळीस टक्के आगाऊ. हा दर तीस दिवसांपुरता.

कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. वरच्या लोकांना चार पानं वाचायला सवड नसते, एका पानाचा सारांश द्या. ही सवड असती तर ते वरचे लोक झालेच नसते, हे आपलं माझं मत.

वहिनींचा भाचा पुण्यात नोकरीला आहे, त्याने रातोरात सारांश करून दिला. त्यात खानावळीचं ‘किनारी खाद्यानुभवातील विश्वासू भागीदार’ झालं. पोपटीला ‘सिग्नेचर मडका-बार्बेक्यू’ म्हटलं गेलं. दरापुढे ‘सर्वसमावेशक’ असा शब्द आला. तिसरं पान मात्र कुठेच आलं नाही, कारण अटी लिहिल्या की कसं नकारात्मक वाटतं, असं भाच्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

प्रस्ताव लगेच मंजूर झाला. खरी मेख इथे आहे. मंजुरी सारांशावर मिळते आणि मंजुरीवरून खरेदी खातं ऑर्डर काढतं. ऑर्डरीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यापूर्वीचे सर्व प्रस्ताव या ऑर्डरीने रद्द समजावेत. म्हणजे जे सारांशात नव्हतं ते ऑर्डरीत येत नाही, आणि जे ऑर्डरीत नाही ते वहिनींनी लिहिलंच नव्हतं असं धरलं जातं. ऑर्डर आली त्या दिवशीच ती प्रस्तावाशी ताडून पाहायची आणि ‘तिसऱ्या पानावरच्या अटींसह मान्य’ असं उलट लेखी कळवायचं, एवढी एक खिडकी उघडी असते. वहिनींनी ऑर्डर देवापुढे ठेवली.

तारीख निघाली जुलैची. साठातले अडतीस आले, बाकीच्यांना ऐनवेळी ‘क्लायंट कॉल’ लागला. अडतीस माणसांचं बिल ६८,४०० रुपये. पन्नासाची अट ऑर्डरीत असती तर ९०,००० झालं असतं. २१,६०० रुपये सारांशाच्या सुटसुटीतपणात गेले, आणि बावीस माणसांचं वाटण फ्रीजमध्ये. शिवाय एका साहेबांनी सिग्नेचर मडका मागितला. भर पावसात! वहिनींनी त्यांना कोंबडी-वडे वाढले, तर अभिप्रायात ‘आश्वासन आणि सेवा यांत तफावत’ असा शेरा पडला.

पैशांचं म्हणाल तर आगाऊ रक्कम सारांशात नव्हती, म्हणून ऑर्डरीत आपोआप कंपनीचं नेहमीचं कलम आलं: बिलानंतर साठ दिवसांनी. गंमत म्हणजे २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा हे साठ दिवस मानत नाही. खानावळीची उद्यम नोंदणी असेल, तर लेखी करार असूनही जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस. करारच नसेल तर पंधरा. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, मुदत उलटून गेलेला पैसा कंपनीला तो प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्चात धरता येतो. व्याजाच्या धमकीने न हलणारं लेखा खातं या तरतुदीने मार्चमध्ये टुणकन उठतं. वहिनींची नोंदणी होतीच, पण तिचा क्रमांक चौथ्या पानावर होता.

यंदा दुसऱ्या कंपनीने सारांश मागितला तेव्हा वहिनींनी भाच्याला कळवलंच नाही. वहीच्या अर्ध्या पानावर लिहिलं: “साठ माणसं, दोन दिवस, माणशी १,९००. नेणं-आणणं, दारू, स्पीकर यात नाही. आकडा तीन दिवस आधी पक्का करा, पन्नासाच्या खाली बिल उतरणार नाही. जून-जुलैत ताजी मासळी नाही, पोपटी फक्त थंडीत. चाळीस टक्के आधी, बाकी पंचेचाळीस दिवसांत. उद्यम क्रमांक खाली आहे. दर महिनाभर.”

तिथल्याही मॅडमनी कळवलं, मुद्दे उत्तम आहेत, पण जरा आकर्षक करून बारा स्लाइडमध्ये पाठवाल का? वहिनींनी तेच अर्धं पान बारा वेळा झेरॉक्स करून पाठवलं. ऑर्डर मिळाली. प्रेझेंटेशनमध्ये सातत्य आहे म्हणे.