पाचव्या वर्षी 72 कोटी

पुतण्या लॅपटॉप घेऊन आला तेव्हा काका गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन्स समोर मांडून बसले होते. काका कोथरूडमधल्या 22 फ्लॅटच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. त्याआधी तीस वर्षं त्यांनी बँकेच्या कर्ज विभागात काढली. तिथे त्यांनी इतके प्रोजेक्ट रिपोर्ट वाचले, की तिसऱ्या वर्षी नफ्यात न येणारी पिठाची गिरणी त्यांनी निदान कागदावर तरी पाहिलेली नाही.

पुतण्याचा स्टार्टअप सोसायट्यांसाठी ॲप बनवतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, तक्रारी, पाहुण्यांची नोंद, सगळं मोबाइलवर. दर फ्लॅटमागे महिना 20 रुपये. पुढच्या सोमवारी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण होतं. त्याआधी घरातल्या कुणीतरी नजर टाकावी, म्हणजे शुद्धलेखन तपासावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

"स्लाइड 14 बघा, काका," तो म्हणाला.

स्लाइड 14 वर पाच निळे खांब होते. पहिला पायरीएवढा, पाचवा थेट शीर्षकाला टेकलेला. पाचव्या वर्षीचं उत्पन्न 72 कोटी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एकूण बाजारपेठ 720 कोटी, आपला वाटा फक्त 10 टक्के. अशा प्लॅनमध्ये सगळ्यात महाग शब्द हा 'फक्त' असतो. तो लिहिला की पुढचा आकडा कितीही मोठा असला तरी विनम्र दिसतो.

काकांनी चष्मा पुसला आणि एक्सेलची मूळ फाइल मागितली. बँकेत असल्यापासूनची सवय. छापील कागदावर आकडे दिसतात, ते आले कुठून हे फाइलमध्ये दिसतं. त्यांनी चौथ्या वर्षाच्या चौकटीवर क्लिक केलं. मग तिसऱ्या वर्षाच्या. मग पाचव्या.

```
F8: 72
E8: =F8/2.4
D8: =E8/2.4
```

पाचव्या वर्षाच्या चौकटीत सूत्र नव्हतंच, 72 हा आकडा हाताने टाकलेला होता. त्याला 2.4 ने भागून चौथं वर्ष निघालं, 30 कोटी. त्याला पुन्हा भागून तिसरं, साडेबारा कोटी. असं मागे मागे येत पहिल्या वर्षाला 2 कोटी 17 लाख उरले. वर्षं पुढे चालली होती आणि हिशेब मागे.

"पाचवं वर्ष आधी ठरवलंस का रे?"

"अहो काका, गुंतवणूकदारांना दहापट परतावा लागतो. त्याहून कमी दाखवलं तर ते भेटतसुद्धा नाहीत."

म्हणजे 72 हा अंदाज नव्हताच, प्रवेश फी होती. पुतण्या खोटं बोलत नव्हता. जेवढं मागितलं जातं तेवढं तो देत होता. पण प्लॅन तपासणाऱ्याचं निम्मं काम इथेच होतं. उत्पन्नाच्या ओळीत सलग प्रत्येक वर्षी एकच गुणक दिसला, की धंदा कुणी मोजलेला नाही, फक्त ताणलेला आहे, एवढं समजायचं.

काकांनी मग कोटेशनचा पाठकोरा कागद उलटा केला आणि शाळेत शिकलेला भागाकार मांडला. रुपयांना रुपयांनीच तपासत बसलं तर सगळं बरोबर येतं, म्हणून त्यांनी रुपयांच्या सोसायट्या केल्या. प्लॅनमध्ये एका सोसायटीत सरासरी 40 फ्लॅट धरले होते. 40 फ्लॅट, 20 रुपये, 12 महिने: वर्षाला 9,600 रुपये. 72 कोटींना 9,600 ने भागलं. उत्तर आलं 75,000 सोसायट्या.

ॲप तूर्त महाराष्ट्रापुरतंच आहे, कारण ते इथल्या उपविधींवर बेतलेलं आहे. राज्यात सहकारी गृहनिर्माण संस्था सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे स्लाइडवरचे 'फक्त 10 टक्के' जिन्यावर येईपर्यंत 60 टक्के झाले होते. 720 कोटींची बाजारपेठ देशभराची होती आणि ती कुठल्याशा अहवालातून उचललेली होती. विकायला जाणारी माणसं मात्र पुण्यातली होती.

"आणि हे 40 फ्लॅट कुठून आणलेस?"

"आपल्या चार पायलट सोसायट्यांची सरासरी आहे."

चारही हिंजवडीच्या बाजूच्या. लिफ्ट, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव. काकांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. समोर आठ फ्लॅटची इमारत, पलीकडे बारा, कोपऱ्यावर सोळा. त्यातल्या एकीचा हिशेब अजून लाल कापडी बांधणीच्या वहीत असतो आणि वही सेक्रेटरींच्या कपाटात, साड्यांच्या खाली. सरासरी 40 ऐवजी 20 धरली तर 72 कोटींसाठी दीड लाख सोसायट्या लागतात. राज्यात आहेत त्यापेक्षा पंचवीस हजार जास्त. त्या बांधण्याचा खर्च प्लॅनमध्ये कुठेच दाखवलेला नव्हता.

पुतण्याने घाईघाईने 40 वरच राहण्याची विनंती केली. काका राहिले. बँकवाल्यांची ही एक जुनी युक्ती: अर्जदाराचा आकडा मान्य करायचा आणि तो पायी चालवायचा.

चौथ्या वर्षी 31,250 सोसायट्या, पाचव्या वर्षी 75,000. म्हणजे एका वर्षात 43,750 नव्या. पगाराच्या पानावर त्या वर्षी विक्रीला किती माणसं? बारा. एका माणसाच्या वाट्याला वर्षाला 3,646 सोसायट्या आल्या. 365 ने भागलं तर रोज दहा. रविवार, दिवाळी, अनंत चतुर्दशी धरून रोज दहा. उत्पन्नाचं पान एकाने लिहिलेलं आणि पगाराचं दुसऱ्याने, दोघांची ओळख नाही, हे अशा प्लॅनमध्ये नेहमीचं. उत्पन्न वाढवणारा गुंतवणूकदाराकडे बघत असतो, खर्च लिहिणारा खिशाकडे.

काकांना मात्र सोसायटी कशी विकत घेते हे ठाऊक होतं, कारण ते स्वतः विकत घेणाऱ्यांतले होते. कमिटी भेटते रात्री आठनंतर. खजिनदार परगावी असतो. पहिल्या भेटीत चहा, दुसऱ्या भेटीत 'आमचा व्हॉट्सॲप ग्रुप फुकट आहे', तिसऱ्या भेटीत 'सर्वसाधारण सभेसमोर ठेवू'. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि बहुतेक सोसायट्या ती त्या मुदतीच्या तोंडावरच घेतात. एका चांगल्या विक्रेत्याने या वाटेने महिन्याला चार सोसायट्या मिळवल्या, तरी 43,750 साठी 912 विक्रेते लागतील. पायलट सोसायट्या चारच होत्या, आणि त्यातल्या तीन फुकट होत्या.

सप्टेंबर हा शब्द निघाल्यावर काका थांबले. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. प्लॅनमध्ये वर्षअखेरच्या 75,000 सोसायट्यांना सबंध बारा महिन्यांच्या दराने गुणलं होतं, जणू सगळ्या 1 एप्रिलला सकाळी एकदम आल्या. ठराव सप्टेंबरात झाला तर बिल ऑक्टोबरपासून, म्हणजे पहिल्या वर्षी सहाच महिन्यांचं. 43,750 नव्या सोसायट्यांचे अर्ध्या वर्षाचे 21 कोटी, जुन्या 31,250 चे 30 कोटी. एकूण 51. विक्रीचे सगळे चमत्कार खरे मानले, एकही ग्राहक गळला नाही असं धरलं, नुसती तारीख लिहिली, तरी 21 कोटी गेले.

ग्राहक गळतातच. गळतीची ओळच फाइलमध्ये नव्हती. सोसायटीची कमिटी पाच वर्षांनी बदलते आणि नव्या सेक्रेटरीचं पहिलं काम जुन्या सेक्रेटरीने आणलेलं सगळं बंद करणं, हे असतं. वर्षाला शंभरातले पंधरा सोडून गेले असं धरलं, तर चार वर्षांनी शंभरातले 52 उरतात. बाकीचे पुन्हा मिळवायचे असतात, आणि तेही रात्री आठनंतर.

पुतण्या चिडला. "काका, तुम्ही बँकवाले असेच. मोठा विचार कुणी करायचाच नाही का?"

काकांनी त्याला सेगवेची गोष्ट सांगितली. दोन चाकांवर उभं राहून चालवायची ती गाडी अमेरिकेत 3 डिसेंबर 2001 ला जगासमोर आली. तिचे जनक डीन केमन यांची अपेक्षा होती की पुढच्या वर्षअखेर आठवड्याला 10,000 गाड्या बाहेर पडतील. नावाजलेले गुंतवणूकदार जॉन डोअर यांना वाटत होतं की इतिहासातल्या कुठल्याही कंपनीपेक्षा ही लवकर अब्ज डॉलरची विक्री गाठेल. दोघेही हुशार आणि आपापल्या क्षेत्रातले मोठे. गाडीचं तंत्रही खरोखर चालत होतं.

गाडी होती सुमारे 5,000 डॉलरची. आठवड्याला 10,000 म्हणजे वर्षाला 5 लाख 20 हजार गिऱ्हाइकं, प्रत्येक जण चालत जाता येईल एवढ्या अंतरासाठी 5,000 डॉलर मोजणारा. शिवाय ती फुटपाथवर चालवायची की रस्त्यावर, हे ठरवणं कंपनीच्या हातात नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोने तर ती ग्राहकांच्या हातात पडण्याआधीच फुटपाथवर बंदी घातली.

सप्टेंबर 2006 मध्ये कंपनीने तोवर विकलेल्या सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या, म्हणून खरा आकडा कळला. सुमारे 23,500. अनावरणानंतर पावणेपाच वर्षांची विक्री, मूळ अंदाजाच्या मापाने अडीच आठवड्यांचीही नाही. परत मागवायचं कारण असं, की चाकं कधीकधी अचानक उलटी फिरायची आणि वर उभा असलेला माणूस पडायचा.

"तुझ्या E8 सारखीच," काका म्हणाले.

पुतण्या हसला नाही, पण रात्री त्याने F8 मधला 72 पुसला. नवं पान विक्रेत्यांपासून सुरू केलं: माणसं किती, प्रत्येकाला महिन्याला सोसायट्या किती, फ्लॅट 20, बिल ऑक्टोबरपासून, गळती 15 टक्के. विक्रेते पहिल्या वर्षी तीन, पाचव्या वर्षी चाळीस. पाचव्या वर्षाचं उत्पन्न दोन कोटींच्या आत आलं. निळा खांब शीर्षकापासून बराच खाली राहिला. तो बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मग त्याने फोन केला.

"काका, पाचवी सोसायटी तुमची धरू का? पैसे देणारी?"

"विषयपत्रिकेवर घेतो," काका म्हणाले.

सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी झाली. कोरम नव्हता म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाली. ॲपचा विषय नववा होता. पार्किंग आणि गच्चीची गळती यांत साडेनऊ वाजले, तळमजल्यावरच्या काकूंनी 'महिना 20 रुपये कशाचे?' एवढंच विचारलं, आणि विषय पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तहकूब झाला. पुतण्याने लॅपटॉप उघडून पाचवी सोसायटी दुसऱ्या वर्षात ढकलली.